दादरला भेटू, पण कुठल्या?

"शनिवारी साडेचारला. दादर स्टेशनच्या बाहेर, गेटवर."

"चालेल. नक्की."

एवढ्यावर मंदा आणि वासंतीचं ठरलं. ही गोष्ट रचलेली आहे, पण मुंबईत लोकलने फिरलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. मंदा डोंबिवलीची, वासंती बोरिवलीची. कॉलेजपासूनची मैत्री. मंदाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि साड्यांच्या खरेदीला वासंती सोबत हवीच होती. दोघींनाही दादर अंगवळणी पडलेलं, त्यामुळे यापेक्षा जास्त काही बोलायची गरज कुणालाच वाटली नाही.

मंदा डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादरला उतरली, पुलावरून पूर्वेला बाहेर पडली आणि गेटवर उभी राहिली. तिच्या डोक्यात खरेदी म्हणजे हिंदमाता. तिथली ठोक भावाची दुकानं तिला आईपासून माहीत. वासंती बोरिवलीहून फास्टनेच आली, पश्चिमेला बाहेर पडली आणि तीही गेटवर उभी राहिली. तिच्या डोक्यात खरेदी म्हणजे रानडे रोड. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. मग फोन.

"पोचलीस का गं?"

"कधीची! तू कुठे आहेस?"

"स्टेशनच्या बाहेर, गेटवर."

"मीपण गेटवरच आहे. दिसत नाहीस."

"अगं, वडापावची गाडी आहे बघ इथे."

"हो, आहे की. मी तिच्या बाजूलाच आहे."

"पुलाचा जिना उतरतो, तिथे टॅक्सीवाले उभे आहेत."

"हो हो, दिसतायत. थांब, मीच येते पुढे."

"नको, मी येते."

आवाजात फोन नीट ऐकू येत नव्हता, तो कट झाला. दोघी निघाल्या. थोडं पुढे-मागे शोधल्यावर दोघींच्याही मनात एकाच वेळी तोच विचार आला, की बाई चुकून दुसऱ्या बाजूला तर गेली नाही ना? मंदा मधल्या मोठ्या पुलावरून पश्चिमेला गेली. वासंती दुसऱ्या पुलावरून पूर्वेला आली. आता मंदा पश्चिमेच्या गेटवर आणि वासंती पूर्वेच्या. पुन्हा फोन, पुन्हा "मी गेटवरच आहे". शेवटी मंदा वैतागून म्हणाली, "या फुलवाल्यांच्या गर्दीत उभं राहायला जागा नाही गं." वासंती गप्प झाली. मग म्हणाली, "कुठले फुलवाले? माझ्यासमोर तर स्वामिनारायणाचं देऊळ आहे."

तिथे कोडं सुटलं. तोवर सव्वापाच वाजून गेले होते.

अशा वेळी सगळे म्हणतात, "नीट सांगायला काय झालं होतं?" पण फोनवरचं बोलणं पुन्हा वाचून बघा. कुणीही खोटं किंवा अर्धवट बोललेलं नाही. वडापावची गाडी दोन्ही बाजूंना आहे, पुलाचा जिना दोन्हीकडे उतरतो, टॅक्सीवाले दोन्हीकडे उभे असतात. मंदाने दिलेली प्रत्येक खूण खरी होती आणि प्रत्येक खूण वासंतीच्या समोरही हजर होती. म्हणून वासंतीचा प्रत्येक "हो" सुद्धा खराच होता. बोलणं जसजसं वाढत गेलं, तसतशी दोघींची खात्री पक्की होत गेली, आणि पक्की झाली ती चुकीच्या गोष्टीची. जी खूण दोन्ही ठिकाणी सापडते ती कितीही बारकाईने सांगितली तरी ठिकाण सांगत नाही. फुलवाल्यांनी आणि देवळाने प्रश्न सोडवला, कारण स्टेशनला लागून दाटीवाटीने भरलेला फुलबाजार पश्चिमेलाच आहे आणि देऊळ पूर्वेलाच.

आता मूळ मुद्दा. "दादर स्टेशन" हे शब्द अपुरे आहेत असं दोघींपैकी एकीलाही का वाटलं नाही? शब्द संदिग्ध असतो तेव्हा आपण विचारतो, "कुठलं?" इथे तो प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण प्रत्येकीच्या मनात दादर स्टेशन एकच होतं. मंदाला वाटेल तर ती पश्चिमेची वाट सांगू शकते, वासंतीला पूर्व माहीत आहे. माहिती दोघींकडे होती. पण शब्द कानावर पडताच मनात उभं राहिलं ते रोज वापरातलं दार, आणि दुसरं दार आठवायची वेळच आली नाही. बोलणाऱ्याला आपला शब्द पुरेसा वाटतो तो असा, आणि ऐकणाऱ्यालाही तो पुरेसाच वाटतो. फक्त दोघांच्या मनातलं चित्र वेगळं असतं.

दादरला हे जास्त घडतं, याला इतिहास कारण आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची. पश्चिमेकडचा मार्ग दुसऱ्या कंपनीचा, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, आणि त्यावर विरारहून मुंबईकडे लोकल सुरू झाली 1867 मध्ये. दोन्ही कंपन्यांचे रूळ दादरला अगदी शेजारून जातात. पण कंपन्या वेगळ्या म्हणून स्टेशनं वेगळी, तिकिटं वेगळी, नोकर वेगळे. 1951 मध्ये त्यांची मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे झाली, तरी कारभार दोनच राहिले. एकीचं मुख्यालय सीएसएमटीला, दुसरीचं चर्चगेटला. पुलांनी जोडल्यामुळे प्रवाशाला ते एकच स्टेशन वाटतं. कागदावर ती दोन आहेत.

त्यामुळे आणखी एक गंमत अनेक दशकं चालली. दोन्ही रेल्वे आपापले प्लॅटफॉर्म एकपासून मोजत. म्हणजे दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन, तीन नंबरचेही दोन. "तीन नंबरवर उभी आहे" हे वाक्य ऐकायला किती नेमकं! आकडा आहे, पाटी आहे, चुकायला जागा दिसत नाही. तरीही ते दोन जागांना लागू पडत होतं. नवखे प्रवासी पुलावर उभे राहून पाट्या वाचत आणि चुकीच्या जिन्याने उतरत. अखेर 9 डिसेंबर 2023 पासून रेल्वेने सलग क्रमांक दिले. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. मध्य रेल्वेचा जुना एक नंबर आता आठ नंबर आहे आणि जुना तीन नंबर नऊ. मधला जुना दोन नंबर शेजारचा प्लॅटफॉर्म रुंद करताना आधीच बंद झाला होता. या बदलात एक वीटही हलली नाही, गाड्याही जिथे थांबायच्या तिथेच थांबतात. झालं इतकंच, की एका आकड्याला एकच जागा उरली.

हाच घोटाळा मुंबईत इतर ठिकाणीही होतो, आणि तिथे किंमत जास्त मोजावी लागते. बांद्रा स्टेशन वेगळं आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात ते बांद्रा टर्मिनस वेगळं. कुर्ला स्टेशन वेगळं आणि ज्याला अनेक जण अजून कुर्ला टर्मिनस म्हणतात ते लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं. गावाहून येणाऱ्या पाहुण्याला "कुर्ल्याला उतरा" म्हणून सांगितलं, की तो कुठे उतरेल ते त्याच्या तिकिटावर अवलंबून असतं, सांगणाऱ्याच्या मनातल्या कुर्ल्यावर नाही. आणि परतीच्या प्रवासात चुकीच्या कुर्ल्याला गेलं तर मैत्रीण थांबते, गाडी थांबत नाही.

कुणी म्हणेल, अनोळखी माणसांत असं होईल, पण या दोघी तर एकमेकींना पुरत्या ओळखणाऱ्या. नेमकं याच मुद्द्यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. विल्यम्स कॉलेजचे केनेथ सविट्स्की आणि शिकागो विद्यापीठाचे बोआझ कीझार यांनी सहकाऱ्यांसह 2011 मध्ये ते प्रसिद्ध केले. एका प्रयोगात दोन माणसांच्या मध्ये खणांचं कपाट ठेवलं होतं. काही खण दोघांना दिसत, काही एकाच बाजूने उघडे होते. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने त्याप्रमाणे वस्तू हलवायची. मेख अशी, की सांगितलेला शब्द कधी कधी दोन वस्तूंना लागू पडे. त्यातली एक दोघांना दिसणारी आणि दुसरी फक्त ऐकणाऱ्याला दिसणारी. सांगणाऱ्याला जी वस्तू दिसतच नाही ती त्याला अभिप्रेत असणं शक्य नाही, हे क्षणभर विचार केला तर कळतं.

सांगणारा अनोळखी असला, की ऐकणारे हा विचार बऱ्यापैकी करत. सांगणारा मित्र असला, की आपल्यालाच दिसणाऱ्या वस्तूकडे त्यांची नजर आणि हात जास्त वेळा जात. दुसऱ्या एका प्रयोगात नवरा-बायकोंनी एकमेकांच्या संदिग्ध वाक्यांचा अर्थ ओळखायचा होता. ते अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत, पण "माझं बोलणं जोडीदाराला कळलं असणार" ही खात्री मात्र त्यांना जास्त होती. कारण समजण्यासारखं आहे. अनोळखी माणसाशी बोलताना आपण त्याच्या जागी जाऊन विचार करतो, कारण तो वेगळा आहे हे समोर दिसत असतं. जवळच्या माणसाच्या बाबतीत त्याला जे माहीत आहे ते आणि आपल्याला जे माहीत आहे ते एकच आहे असं आपण धरून चालतो. नव्या ओळखीच्या बाईंना मंदाने बहुतेक सांगितलं असतं, "पूर्वेला या हं, देवळाच्या बाजूला." वासंतीला ते सांगायचं म्हणजे तिला दादर शिकवल्यासारखं झालं असतं.

मग आणखी एक प्रश्न पडतो. एवढं मोघम बोलून माणसं एरवी भेटतात तरी कशी? कारण बहुतेक वेळा ती भेटतात, हेही खरं आहे. याचा विचार अमेरिकन अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी केला. पुढे 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. 1960 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक कोडं घातलं. तुम्हाला न्यूयॉर्क शहरात एकाला भेटायचं आहे. जागा ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही आणि आता त्याच्याशी बोलताही येणार नाही. त्यालाही हेच सांगितलेलं आहे. कुठे जाल?

एवढ्या मोठ्या शहरात भेट होणं अशक्यच वाटतं. पण शेलिंग यांनी ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी एकच जागा सांगितली, ग्रँड सेंट्रल स्टेशनमधली चौकशीची खिडकी. वेळ तर जवळजवळ सगळ्यांनी दुपारी बाराची सांगितली. बोलणं न होताही मनं एका जागी जमतात, कारण प्रत्येक जण "मला कुठे जावंसं वाटतं" याऐवजी "त्याला काय वाटेल आणि माझ्याबद्दल तो काय धरून चालेल" याचा विचार करतो आणि सगळ्यांत ठळक जागा निवडतो. अशा जागेला फोकल पॉइंट म्हणतात. "इंडिकेटरखाली भेटू" असं मुंबईकर म्हणतात तेव्हा त्यांनी तीच युक्ती वापरलेली असते.

या प्रयोगातली एक बारीक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. उत्तर देणारे लोक न्यू हेवन या गावचे होते. न्यू हेवनहून न्यूयॉर्कला येणारी गाडी ग्रँड सेंट्रललाच येऊन थांबे. म्हणजे त्यांच्यासाठी शहराचं दार तेच होतं. न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन नावाचं दुसरं मोठं स्टेशनही होतं, आणि दक्षिणेकडून, फिलाडेल्फियाच्या बाजूने येणारे प्रवासी तिथे उतरत. फिलाडेल्फियाच्या माणसाला विचारलं असतं, तर त्याच्या डोळ्यांपुढे पेनसिल्व्हेनिया स्टेशन आलं असतं तर नवल नव्हतं. ठळक जागा कुठली हे जागेवर जेवढं ठरतं, तेवढंच आपण कुठून येतो यावरही ठरतं. मंदाच्या गोष्टीत डोंबिवली आणि बोरिवली हाच सगळा फरक होता. दोघीही डोंबिवलीहून आल्या असत्या, तर "दादर स्टेशनच्या गेटवर" एवढ्या शब्दांत भेट बिनचूक झाली असती आणि शब्द अपुरे आहेत हे कुणाला कधी कळलंही नसतं. मोघम निरोप शंभर वेळा चालतो तो यामुळे, आणि एखाद दिवशी फसतो तोही यामुळेच.

काही स्टेशनांनी अशी एक जागा मुद्दाम तयार केली आहे. टोकियो स्टेशनात 1968 पासून "रुपेरी घंटा" म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा टांगलेली आहे. तिचं काम एकच. लोकांनी तिच्यापाशी भेटावं. ती ठळक आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती एकच आहे. कुठल्याही दाराने आत आलात तरी घंटा तीच.

आता समजा, चुकामूक झाली आहे आणि फोन लागत नाही. बॅटरी संपली असेल, नाहीतर गर्दीत नेटवर्क गेलं असेल. आपली मैत्रीण दुसऱ्या बाजूला आहे हे मात्र दोघींना कळलं आहे. अशा वेळी काय करावं? या प्रश्नावर गणितात एक अख्खी शाखा उभी आहे. स्टीव्ह अल्पर्न या गणितज्ञांनी 1976 मध्ये तो मांडला. आपल्याला दोनच गेटं असल्याने हिशोब बोटांवर होतो.

दोघींपुढे प्रत्येकी दोन पर्याय आहेत, इथेच थांबायचं किंवा पलीकडे जायचं. मंदा थांबली आणि वासंतीही थांबली, तर भेट नाही. दोघीही पलीकडे गेल्या, तर जागांची अदलाबदल झाली, भेट नाहीच. गोष्टीत नेमकं हेच घडलं. पुलावर गाठ पडली असती, पण पूल एकाहून अधिक असल्यामुळे तीही चुकली. एक थांबली आणि दुसरी गेली, तरच भेट. म्हणजे चारांपैकी दोन शक्यतांमध्ये भेट होते.

दोघींनी आपापल्या मनाने नाणेफेक करून ठरवलं, तर प्रत्येक फेरीत भेटीची शक्यता निम्मी. सरासरी दोन फेऱ्या लागतात. पूल चढून, गर्दीतून वाट काढून पलीकडे पोचायला आणि तिथे शोधायला पंधरा मिनिटं धरली, तर अर्धा तास. ही सरासरी झाली. नशीब वाईट असेल तर आठांतून एकदा तीन फेऱ्यांनंतरही, म्हणजे पाऊण तासानंतरही भेट होत नाही. पण आधीच ठरलेलं असेल, की चुकामूक झाली तर मंदाने हलायचं नाही आणि वासंतीने शोधायचं, तर एकाच फेरीत, पंधरा मिनिटांत भेट पक्की. हुशारीने शोधल्याचा फायदा इथे शून्य आहे. दोघींनी वेगळं वागणं एवढंच पुरेसं आहे. जागा वाढल्या तरी हेच खरं ठरतं. चार जागांपैकी कुठेही असू शकणाऱ्या दोन व्यक्ती दर वेळी नशिबाने जागा निवडत राहिल्या तर सरासरी चार प्रयत्न लागतात. एक जण थांबला आणि दुसऱ्याने ओळीने चारही जागा पाहिल्या, तर सरासरी अडीच, आणि चौथ्या जागेपर्यंत भेट नक्की.

कुणी थांबायचं हे न ठरवता दोघांनाही एकाच नियमाने वागायला सांगितलं, की गणित बघता बघता अवघड होतं. नुसत्या तीन जागा असतील तेव्हा सर्वांत चांगला नियम कुठला, याची सिद्धता केंब्रिजच्या रिचर्ड वेबर यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न मांडल्यापासून तोवर छत्तीस वर्षं गेली होती. जत्रेत मुलाला आई सांगते, "हरवलास तर आहेस तिथेच उभा राहा, मी शोधत येते." तिने हे सगळं अवघड गणित एका वाक्यात टाळलेलं असतं. विशेष म्हणजे या शोधशास्त्रातही या पद्धतीचं नाव आईवरूनच पडलं आहे.

हा नियम आयत्या वेळी ठरवता येत नाही. "आधी पोचली तिने थांबावं" हा नियम ऐकायला सोपा, पण दोघींनाही आपणच आधी पोचलो असं वाटत असतं. नियम असा हवा, की दोघींनाही न विचारता एकच उत्तर मिळेल. फोन मध्येच कट झाला तर ज्याने लावला होता त्याने परत लावायचा, हा असाच नियम आहे. डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञाने 1969 च्या पुस्तकात हेच उदाहरण घेऊन दाखवलं, की असे नियम कुठेही लिहिलेले नसतात, पण एकाने एक केलं की दुसऱ्याने दुसरं करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ते चालतात. भेटीसाठीही तसं ठरवता येतं. बोलावणारी थांबेल, आलेली शोधेल. किंवा वयाने मोठी असेल तिने थांबावं.

पण चुकामूक मुळात होऊच नये यासाठी काय करता येईल? नाक्यावरची दहा दुकानं फोनवर सांगण्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे, "तू येशील कशी?" ठिकाणाचं नाव दोघींना सारखं वाटू शकतं, वाट सारखी वाटत नाही. वासंतीने "बोरिवली फास्टने येईन, उतरून सरळ फूल मार्केटच्या बाजूला बाहेर पडेन" म्हटलं असतं, तर मंदाने तिथल्या तिथे अडवलं असतं. "अगं, मी देवळाकडून येतेय!" दोघींच्या मनातली वेगवेगळी चित्रं समोरासमोर आली असती ती अशी. "हो ना?" विचारलं, की उत्तर "हो"च येतं. म्हणून हो-नाहीचा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. समोरच्याने स्वतःच्या शब्दांत वाट सांगावी लागते.

जागा निवडताना ती दोघींच्या वाटेवर आणि एकच असावी. दादरला पुलावर भेटू म्हणणं धोक्याचं, कारण पूल एकाहून जास्त आहेत. सलग क्रमांक आल्यापासून प्लॅटफॉर्मचा नंबर मात्र भरवशाचा झाला आहे. फक्त प्लॅटफॉर्म लांबलचक असतो, म्हणून बाजूही सांगावी. आठ ते चौदामध्ये सीएसएमटीची बाजू की कल्याणची, एक ते सातमध्ये चर्चगेटची बाजू की विरारची. "आठ नंबर, कल्याणच्या बाजूला, शेवटच्या जिन्याखाली" हे शब्द दादरमध्ये एकाच जागेला लागू पडतात. जुन्या प्रवाशांशी बोलताना मात्र जरा जपून, कारण काहींच्या तोंडात अजून जुने नंबर बसलेले आहेत. त्यांच्या "एक नंबर"ला आजचा आठ समजायचं की आजचा एक, हे विचारून घ्यावं लागतं.

मोबाइलवरचं लाइव्ह लोकेशन हा सोपा उपाय वाटतो आणि बाजू समजण्यापुरता तो उत्तमच आहे. पूर्व की पश्चिम हे नकाशा लगेच दाखवतो. पण छपराखाली आणि इमारतींच्या दाटीत तो ठिपका सरकतो, आणि माणूस पुलावर आहे की पुलाखालच्या प्लॅटफॉर्मवर हे त्यावर कळत नाही. ठिपका आपल्या ठिपक्यावर येऊन बसला, तरी मैत्रीण आपल्या डोक्यावरच्या पुलावरून चालत असू शकते. म्हणून बाजू नकाशावरून बघावी आणि शेवटची पन्नास पावलं बोलून ठरवावीत. ती ठरवताना आपल्याजवळ जे आहे ते सांगत सुटू नये. जे पलीकडे असूच शकत नाही ते एक सांगावं, मग ते देऊळ असो, फुलबाजार असो की प्लॅटफॉर्मचा नंबर असो. समोरून "इथे तसं काही नाही" असं आलं, तर तेही चांगलंच. निदान कुणी हलायचं आणि कुणी थांबायचं, हे तेवढ्या फोनवर ठरवता येतं.